गॅस शेगडीचा ठिणगी-प्रज्वलक : टिकटिक होऊनही न पेटण्याचा दोष

गॅस शेगडीचा नॉब दाबल्यावर किंवा फिरवल्यावर टिकटिक असा आवाज येतो, परंतु बर्नर पेटत नाही, हा सेलवर चालणाऱ्या स्वयंप्रज्वलित शेगड्यांमधील नेहमी आढळणारा दोष आहे. बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी तीनपैकी एक कारण असते : बर्नरची टोपी किंवा तिच्या आसपासचा भाग ओला असणे, ठिणगी देणारा इलेक्ट्रोड मळलेला असणे, किंवा सेल क्षीण झालेला असणे. या तिन्ही कारणांची लक्षणे वेगवेगळी आहेत. आवाजाची गती, ठिणगीची जागा आणि दोष एका बर्नरपुरता आहे की सर्व बर्नरांना आहे, या तीन गोष्टी पाहिल्यास सुटा भाग विकत आणण्यापूर्वीच कारण ओळखता येते.

प्रस्तुत लेखात घरगुती द्रवरूप पेट्रोलियम वायूवर (एलपीजी) अथवा नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या, ओट्यात बसवलेल्या शेगडीचा, म्हणजे हॉबचा, विचार केला आहे.

## रचना आणि कार्य

प्रत्येक बर्नरच्या कडेला चिनी मातीच्या पांढऱ्या नळीतून वर आलेली एक बारीक धातूची कांडी दिसते. हा इलेक्ट्रोड होय. त्याचे टोक बर्नरच्या धातूपासून साधारणतः ३ ते ५ मिलिमीटर अंतरावर असते. चिनी माती विजेची दुर्वाहक असल्याने इलेक्ट्रोडमधील वीज टोकापर्यंत पोहोचेपर्यंत बाजूला निसटत नाही. बर्नर आणि शेगडीचा धातूचा सांगाडा हा विजेच्या परतीचा मार्ग असतो.

शेगडीच्या खालच्या बाजूस एक लहान डबी असते. तिच्यात १.५ व्होल्टचा एक सेल आणि प्रज्वलक मंडल बसवलेले असते. १.५ व्होल्टच्या विजेने हवेतून ठिणगी पडत नाही. दोन सपाट पृष्ठभागांमधील कोरड्या हवेचे १ मिलिमीटर अंतर ओलांडण्यास सुमारे ३,००० व्होल्ट दाब लागतो, टोकदार कांडीला त्याहून काहीसा कमी पुरतो. म्हणून मंडलातील ट्रान्झिस्टर आणि एक छोटे रोहित्र सेलचा दाब प्रथम काहीशे व्होल्टांपर्यंत वाढवतात व ती वीज धारित्रात साठवतात. धारित्र ठरावीक पातळीपर्यंत भरले की ते एकदम दुसऱ्या रोहित्रात रिकामे होते आणि क्षणभर दहा हजार व्होल्टांच्या आसपासचा दाब निर्माण होतो. हा दाब इलेक्ट्रोडच्या टोकापासून बर्नरपर्यंत ठिणगीच्या रूपाने उडी घेतो. धारित्र पुन्हा भरते, पुन्हा रिकामे होते. प्रत्येक वेळी एक टिक ऐकू येते.

बहुतेक हॉबमध्ये सर्व बर्नरांसाठी एकच मंडल असते. त्यामुळे कोणताही एक नॉब दाबला तरी सर्व इलेक्ट्रोडांवर एकाच वेळी ठिणग्या पडतात. गॅस मात्र दाबलेल्या नॉबच्या बर्नरमधूनच येतो. दोष शोधताना ही रचना फार उपयोगी पडते.

काही शेगड्यांमध्ये सेल नसतो. नॉब फिरवताना आतील स्फटिकावर हातोडीसारखा ठोका बसतो आणि एकच खटका ऐकू येतो. दाबाने वीज निर्माण होण्याच्या या गुणधर्माचा शोध झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. हातात धरण्याचा गॅस लायटरही याच तत्त्वावर चालतो. अशा शेगडीत सेलचा प्रश्न उद्भवत नाही, परंतु ओलावा आणि मळ यांचे परिणाम तेच असतात.

## आवाज आणि ठिणगी यांतील फरक

टिकटिक ऐकू येते म्हणजे ठिणगी योग्य जागी पडते असे नाही. आवाज येतो याचा अर्थ इतकाच की धारित्र भरते आहे आणि रिकामे होते आहे. रिकामी झालेली वीज कोणत्या वाटेने गेली, हे आवाज सांगत नाही. वीज नेहमी सोपी वाट निवडते. टोकापासून बर्नरपर्यंतचे हवेचे अंतर ओलांडण्यापेक्षा ओल्या चिनी मातीवरून किंवा जळक्या थरावरून उतरणे सोपे असेल, तर ती तिकडूनच जाते आणि गॅसपर्यंत ठिणगी पोहोचत नाही.

गॅस पेटण्यास ऊर्जा फार थोडी लागते. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला प्रोपेन किंवा ब्युटेन पेटण्यास एका मिलिज्यूलचा सुमारे पाव भाग पुरतो. शेगडीची ठिणगी याहून कितीतरी जोरदार असते. म्हणून ठिणगी योग्य जागी पडत असेल आणि तेथे गॅस पोहोचत असेल, तर ती काहीशी बारीक असूनही बर्नर पेटतो. याउलट एलपीजी हवेत साधारण २ ते ९.५ टक्के या प्रमाणात मिसळलेला असतानाच पेटतो. ठिणगी जेथे पडते तेथे हे मिश्रण नसेल, तर कितीही जोरदार ठिणगी निरुपयोगी ठरते. तेव्हा दोष शोधताना दोन प्रश्न विचारावे लागतात : ठिणगी कोठे पडते आणि तेथे गॅस येतो का.

## निदानाचा क्रम

प्रथम न पेटणारा बर्नर हातातील लायटरने किंवा काडीने पेटवून पाहावा. तो पेटला, तर गॅसचा पुरवठा ठीक आहे. पेटलेल्या ज्योतीचे कडे सर्व बाजूंनी अखंड आहे का, हे नीट पाहावे. इलेक्ट्रोडच्या समोरील ज्योत गायब असेल, तर तेथील छिद्रे बुजलेली आहेत, आणि ठिणगी चांगली असूनही बर्नर न पेटण्याचे कारण सापडते. लायटरनेही बर्नर पेटत नसेल, तर दोष प्रज्वलकात नसून सिलिंडर, रेग्युलेटर, नळी किंवा जेटमध्ये आहे.

त्यानंतर इतर बर्नर आपोआप पेटतात का, हे पाहावे. एकच बर्नर पेटत नसेल, तर सेल आणि मंडल बहुधा निर्दोष असतात, कारण ते सर्वांना सामाईक आहेत. दोष त्या बर्नरच्या टोपीत किंवा इलेक्ट्रोडमध्ये शोधावा. सर्वच बर्नर पेटत नसतील आणि टिकटिक मंदावलेली असेल, तर सेल तपासावा.

शेवटची आणि सर्वांत बोलकी चाचणी अंधारातली आहे. एक बर्नर लायटरने पेटवून रेग्युलेटर बंद करावा, म्हणजे नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते. नळाच्या गॅससाठी भिंतीवरची तोटी बंद करावी. सर्व नॉब बंद करून खोली काही मिनिटे हवेशीर ठेवावी आणि गॅसचा वास नाही याची खात्री करावी. मग स्वयंपाकघरात अंधार करून नॉब दाबावा. निरोगी इलेक्ट्रोडच्या टोकापासून बर्नरपर्यंत निळसर पांढरी, स्पष्ट ठिणगी दिसते. टोकावर अंधार आणि चिनी मातीच्या बुडाशी किंवा मध्यावर निळी लुकलुक दिसली, तर वीज वाटेतच निसटत आहे. कोठेच काही दिसत नसूनही टिकटिक चालू असेल, तर ओलावा, तुटलेली अथवा निसटलेली तार यांचा संशय घ्यावा.

## ओली बर्नर टोपी

बर्नर धुतल्यानंतर किंवा ओटा पुसल्यानंतर लगेच उद्भवणारा दोष बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने ते वीज वाहून नेते. इलेक्ट्रोड आणि बर्नर यांच्यामध्ये पाण्याचा थेंब अडकला, किंवा चिनी मातीवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहिला, की विजेला हवेतून उडी मारण्याची गरजच उरत नाही. आवाज त्याच गतीने येत राहतो आणि ठिणगी पडत नाही.

पाण्याचा दुसरा उपद्रव ज्वालाछिद्रांत होतो. टोपीखालची छिद्रे किंवा खाचा इतक्या अरुंद असतात की त्यांत पाणी आपल्याच पृष्ठताणाने अडकून राहते. घरगुती रेग्युलेटरमधून येणाऱ्या गॅसचा दाब फार कमी, सुमारे ३० मिलिबार, असतो आणि जेटमधून बाहेर पडल्यावर बर्नरच्या आत तो आणखी पुष्कळ घटतो. अशा दाबाने छिद्रातले पाणी बाहेर फेकले जात नाही. इलेक्ट्रोडसमोरची दोन-तीन छिद्रे अशी बुजली तरी ठिणगीच्या जागी गॅस पोहोचत नाही.

उपाय साधा आहे, परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. बर्नर थंड झाल्यावर टोपी आणि तिच्याखालचे कडे काढून झटकावे, सुती फडक्याने पुसावे आणि छिद्रे खालच्या बाजूस येतील असे ठेवून पूर्ण वाळू द्यावे. उन्हात तास-दोन तास पुरतात, तर पावसाळ्यात रात्रभर ठेवणे इष्ट. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवाही चालते. इलेक्ट्रोडची चिनी माती कोरड्या फडक्याने बुडापर्यंत पुसावी. सुटे भाग वाळवण्यासाठी दुसऱ्या बर्नरच्या ज्योतीवर धरू नयेत. ॲल्युमिनिअमचे भाग त्याने वाकडे होऊ शकतात.

वाळवूनही बर्नर पेटला नाही, तर टोपी बसवण्यातली चूक तपासावी. बहुतेक कड्यांना इलेक्ट्रोडसाठी एक खाच आणि खाली बसण्यासाठी खुंट्या असतात. खाच सरकली, की इलेक्ट्रोडसमोरील छिद्रांची जागा बदलते. टोपी एका बाजूस उचललेली राहिली, तर गॅस त्या फटीतून निसटतो आणि ठिणगीचे अंतरही वाढते. नीट बसलेली टोपी बोटाने हलवली असता डुगडुगत नाही. दोन बर्नरांच्या दिसायला सारख्या टोप्यांची धुताना अदलाबदल होणे, हेही या दोषाचे कारण असते.

## मळलेला इलेक्ट्रोड

दूध उतू जाणे, आमटी सांडणे, फोडणीचे तेल उडणे यांमुळे इलेक्ट्रोडवर थर साचतो. ओला असताना हा थर क्षारांमुळे वीज वाहतो. ज्योतीच्या उष्णतेने तो जळला, की त्यातील कार्बन वीज वाहू लागतो. चिनी मातीवर टोकापासून बुडापर्यंत अशी काळी रेघ तयार झाली, की ती विजेची कायमची पायवाट होते. टोकावरच्या चिकट थराचा परिणाम वेगळा असतो. तेथे विजेला थराचा अडथळा होतो आणि ठिणगी कधी पडते, कधी हुकते.

मिठाच्या थरामुळे एक फसवे लक्षण दिसते. उन्हाळ्यात व्यवस्थित पेटणारा बर्नर पावसाळ्याच्या सकाळी पेटेनासा होतो आणि दुपारी पुन्हा पेटतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतील बाष्प शोषून ओले होऊ लागते. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता अनेकदा याहून अधिक असते. अशा वेळी बर्नर धुतलेला नसूनही दोष ओलाव्याचा दिसतो, मात्र त्याचे मूळ उतू गेलेल्या पदार्थाच्या न पुसलेल्या थरात असते. नुसते वाळवून तो तात्पुरता जातो आणि परत येतो. थर काढल्यावर तो थांबतो.

स्वच्छता करण्यापूर्वी गॅस बंद करावा, बर्नर थंड होऊ द्यावा आणि सेल काढून ठेवावा. भांडी घासण्याच्या साबणाच्या पाण्यात जुना दातांचा ब्रश बुडवून, झटकून, त्याने चिनी माती व धातूचे टोक हलक्या हाताने घासावे. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण पुसून घ्यावा, कारण साबणाचा राहिलेला अंशही वीज वाहतो. टोकावरची काजळी निघत नसेल, तर बारीक पॉलिश कागद एक-दोनदा फिरवावा. चिनी मातीवर तारेची घासणी वापरू नये. तिच्यामुळे पृष्ठभागावर चरे पडून मळ अधिक धरतो आणि धातूचे सूक्ष्म कण राहिले तर तेच विजेची वाट बनतात. ज्वालाछिद्रे टाचणीने मोकळी करावीत. काडीपेटीची काडी किंवा दातकोरणे आत मोडण्याचा धोका असतो.

इलेक्ट्रोड वाकवून अंतर जुळवण्याचा मोह टाळावा. चिनी माती ठिसूळ असते आणि बाजूने दिलेल्या जोराने तिला केसासारखी बारीक चीर जाते. चीर गेली, की वीज तेथूनच बाहेर पडते. अंधाराच्या चाचणीत लुकलुक नेहमी एकाच जागी दिसली आणि साफ करून, वाळवूनही ती हटली नाही, तर चीर असल्याचे समजावे. अशा इलेक्ट्रोडवर इलाज नाही, तो बदलावाच लागतो.

## क्षीण सेल

सेल उतरत चालल्याची पहिली खूण आवाजात मिळते. नव्या सेलवर सेकंदाला अनेक टिका पडतात. सेल क्षीण झाला, की धारित्र भरण्यास वेळ लागतो आणि दोन टिकांमधील अंतर वाढत जाते, अखेरीस सेकंदाला एक किंवा त्याहूनही कमी टिक पडते. धारित्र ठरलेल्या पातळीलाच रिकामे होत असेल, तर प्रत्येक ठिणगीचा जोर फारसा घटत नाही, ठिणग्यांची संख्या घटते. काही साध्या मंडलांत जोरही घटतो आणि ठिणगी बारीक दिसते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. टिकटिक जलद आणि खणखणीत असेल, तर दोष सेलमध्ये असण्याची शक्यता फार कमी असते. बर्नर पेटत नाही म्हणून सर्वप्रथम सेल बदलण्याचा प्रघात आहे. जलद टिकटिक असताना तो सहसा व्यर्थ ठरतो. टिकटिक मंद आणि सर्वच बर्नरांना त्रास असेल, तरच सेलकडे वळावे.

सेलची डबी बहुधा हॉबच्या खाली, ओट्याखालच्या कपाटातून हात घातल्यावर लागते. सेल काढण्यापूर्वी अधिक आणि उणे टोकांची दिशा पाहून ठेवावी. जुना सेल गळला असेल, तर धातूच्या पट्ट्यांवर पांढरा किंवा हिरवट थर दिसतो. अल्कलाइन सेलचा हा थर हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाने पुसावा आणि पट्ट्या कोरड्या कराव्यात. या थरामुळे नवा सेलही जुन्यासारखा वागतो. पुन्हा भारित होणाऱ्या निकेल सेलचा दाब मुळात १.२ व्होल्ट असल्याने त्यावर काही शेगड्यांची टिकटिक सुरुवातीपासूनच मंद राहते. हा दोष समजू नये, परंतु अशा शेगडीत १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल वापरणे सोयीचे.

## निदानाचे एक उदाहरण

चार बर्नरांच्या एका हॉबवर जुलै महिन्यात पुढचा डावा बर्नर पेटेनासा झाला, असे समजावे. आदल्या दिवशी त्यावर दूध उतू गेले होते आणि टोपी धुऊन लगेच बसवली होती. टिकटिक जलद आहे व उरलेले तीन बर्नर पहिल्या-दुसऱ्या ठिणगीला पेटतात. एवढ्यावरूनच सेल आणि मंडल वगळता येतात.

लायटरने बर्नर पेटवल्यावर ज्योतीचे कडे अखंड दिसते. म्हणजे छिद्रे मोकळी आहेत आणि धुण्याचे पाणी वाळून गेले आहे. अंधारात पाहिले असता तीन इलेक्ट्रोडांच्या टोकांवर ठिणग्या दिसतात. चौथ्याच्या टोकावर काहीच नाही, मात्र चिनी मातीच्या बुडाशी निळी लुकलुक आहे. टोपी उचलल्यावर तेथे दुधाचा तपकिरी थर सापडतो. टोपी धुतली गेली, परंतु तिच्याखालचा इलेक्ट्रोड तसाच राहिला होता.

थर ब्रशने काढून, पुसून, दोन तास वाळवल्यावर ठिणगी टोकावर येते. तरीही बर्नर चार-पाच ठिणग्यांनंतर, भपकन आवाज करून पेटतो. ठिणगी आहे, पण गॅस उशिरा पोहोचतो, असा याचा अर्थ. टोपीखालचे कडे पाहिले असता खाच इलेक्ट्रोडपासून किंचित फिरलेली आढळते. ती जुळवल्यावर बर्नर लगेच पेटतो. येथे दोन दोष एकावर एक होते. प्रत्येक बदलानंतर स्वतंत्रपणे पाहिले नसते, तर पहिला उपाय फसला असे वाटून चांगला इलेक्ट्रोड बदलला गेला असता.

## सुरक्षितता

टिकटिक चालू असताना बर्नरमधून गॅस बाहेर येतच असतो. ज्योत विझल्यास गॅस तोडणारी झडप असलेल्या हॉबमध्येही नॉब दाबून धरला असेपर्यंत गॅस वाहतो. म्हणून पाच सेकंदांत बर्नर पेटला नाही, तर नॉब बंद करावा आणि साठलेला गॅस पांगण्यासाठी मिनिटभर थांबावे. लागोपाठ प्रयत्न केल्यास गॅस साचून एकदम भडका उडतो आणि हात, भुवया किंवा कपडे पोळतात. भपकन पेटणे ही त्याचीच लहान पूर्वसूचना होय.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि ओट्याखालच्या कपाटात साचतो. नळाचा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. नॉब बंद असताना गॅसचा वास येत असेल, तर प्रज्वलक, लायटर किंवा विजेचे कोणतेही बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन, एलपीजी असल्यास १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर, कळवावे. नळाच्या गॅससाठी पुरवठादाराचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो.

सेलवर चालणाऱ्या प्रज्वलकाची ठिणगी बोटाला झोंबते. तिने झालेली इजा सहसा गंभीर नसते, पण दचकून हात तापलेल्या भांड्याला लागू शकतो. प्रज्वलक घरातील विजेवर चालत असेल, तर साफसफाईपूर्वी त्याचे प्लग काढणे आवश्यक आहे.

## घरगुती दुरुस्तीच्या मर्यादा

नॉब सोडल्यानंतरही टिकटिक चालू राहिल्यास नॉबखालचा खटका ओला किंवा अडकलेला असतो. तो वाळूनही दोष राहिला, तर खटका बदलावा लागतो. बर्नर पेटून नॉब सोडताच विझत असेल, तर प्रज्वलकाचे काम झालेले असते आणि दोष ज्योत ओळखणाऱ्या सुरक्षा-कांडीत किंवा झडपेत असतो. इलेक्ट्रोडशेजारी असलेली ही दुसरी कांडी पुष्कळदा त्याच्याशी गल्लत करून घासली जाते. चीर गेलेला इलेक्ट्रोड, तुटलेली तार, निकामी मंडल, तसेच जेट आणि झडप यांची कामे अधिकृत कारागिराकडून करून घ्यावीत. तोपर्यंत गॅसचा वास येत नसल्यास आणि बर्नर लायटरने नीट पेटत असल्यास शेगडी वापरता येते. अशा वेळी लायटर आधी पेटवून मगच नॉब फिरवावा.